साठीच्या शुभेच्छा, अण्णा!

आदरणीय अण्णा आणि काकू,

साष्टांग नमस्कार.

या दिवाळी पाडव्याला दुकानाला ६० वर्षं पूर्ण होतायत, असं आईनं फोनवर सांगितलं. तुम्ही दोघं, मुलं, सुना आणि पोती उचलून उचलून म्हातारे झालेले आपले हमालमामा, सगळ्यांचं मनापासून अभिनंदन!

आपल्या सोलापूरच्या मंगळवार पेठेत किराणा दुकानांना तोटा नाही. तरी आमचं घर तुमची पायरी सोडून गेलं नाही, त्याला कारण ती लाल कापडी वही. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा घरात आईच्या विड्यांची मजुरी तेवढी येत होती. गल्ल्यामागं ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी होती. तिच्याच खाली बसून तुम्ही आमची ज्वारी, तूरडाळ, गोडेतेल लिहून घ्यायचात. मागची बाकी चारचौघांत कधी काढली नाहीत. आई हप्त्याची मजुरी मिळाली की घरी यायच्या आधी दुकानात जायची आणि जमेल तेवढे पैसे भरायची. बाकी फिटायला काही वर्षं गेली, पण फिटली. पेठेतली अशी किती घरं असतील, ते वहीलाच ठाऊक.

पूर्व भागातल्या मावशींशी तेलुगूत, अक्कलकोटकडच्या शेतकऱ्यांशी कानडीत आणि आम्हा पोरांशी मराठीत ओरडणं, हे सगळं एका दमात तुम्हालाच जमतं. (ओरडणं तिन्ही भाषांत सारखंच, हेही खरं.) नोटाबंदीत तुम्ही पुन्हा वही उघडलीत. २०२०च्या टाळेबंदीत तर मास्क लावून, पायरीपुढं चुन्याचे गोल आखून बसलात. आता मॉल झाले, मोबाईलवर सामान मागवता येतं. तरी विडी घरकुलाकडं राहायला गेलेल्या बायका महिन्याचा बाजार भरायला रिक्षा करून तुमच्याकडं येतात. रिक्षाचं भाडं धरलं तर त्यांना ते परवडत नसणार, पण येतात.

आणि काकू, शेंगा चटणीचा मान तुमचा. अजून उखळात कुटता, म्हणून तर तिला ते तेल सुटतं. पुण्यात सोलापुरी चटणी म्हणून जे विकतात ते कोरडं कूट असतं, खाल्लं की लगेच कळतं.

धाकट्यानं स्कॅनरची पाटी लावली, बिलाचं मशिन आणलं, चांगलं केलं. फक्त वही मोडीत काढू देऊ नका.

पाडव्याला वहीपूजनाला आम्ही सगळे येतोय, बाबासुद्धा. दोन किलो चटणी बाजूला काढून ठेवा. आणि या वेळी ‘लेकीकडून कसले पैसे’ म्हणायचं नाही, रोख घ्यायचे.

तुमची,
विडीवाल्या ताईंची थोरली