घोडबंदर रोडवरच्या दुकानात तुमचं स्वागत

नमस्कार मंडळी. रविवारची सकाळ बाजूला ठेवून आलात, त्याबद्दल मनापासून आभार. आजी-आजोबांनी पुढच्या खुर्च्या घ्याव्यात, पंखा तिकडेच आहे.

नौपाड्यातलं आमचं बेकरीचं दुकान २०११ साली सुरू झालं. छोटासा गाळा, मागे भट्टी, पुढे एक काचेचं कपाट. पहिले काही महिने सकाळी भाजलेल्या लाद्यांमधल्या निम्म्या संध्याकाळी तशाच उरायच्या. मग दिवाळी आली. समोरच्या इमारतीतल्या एक काकू मैदा, रवा, पिठीसाखर आणि घरी कढवलेलं तूप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "नानकटाई भाजून देशील का रे?" पाव निघाले की भट्टीची आच उतरते, नानकटाईला तीच मंद आच लागते. घाई केली तर वरून तांबूस होते आणि आत कच्ची राहते. काकू आणि माझी आई परातीत तूप फेसत बसल्या, मी भट्टीपाशी. चार दिवसांत दुकानाबाहेर स्टीलच्या डब्यांची रांग लागली. प्रत्येक डब्यावर नाव कोरलेलं. त्या नावांनीच मी माझी गिऱ्हाइकं ओळखायला शिकलो.

त्यातली बरीच घरं पुढे मोठ्या जागेसाठी इकडे, कासारवडवलीला, मानपाड्याला आली. तरी रविवारी टीएमटीच्या बसने नौपाड्यात येऊन खारी-बटर आणि दोन लाद्या नेणारे लोक मी पाहिलेत. मेट्रोच्या कामामुळे या रस्त्याला किती वेळ जातो, हे तुम्हाला मी काय सांगणार! तुम्ही इतकी वर्षं आमच्यासाठी आलात, आता दुकानानेच तुमच्याकडे यायला हवं होतं. म्हणून ही दुसरी शाखा.

लॉकडाऊनमध्ये कारागीर गावी गेले, तेव्हा तुमच्यातल्या दोघांनी आपल्या सोसायट्यांची ऑर्डर एकत्र करून मला रोज फोनवर सांगितली. त्यावर माझं दुकान तगलं. ते मी विसरलेलो नाही.

जे आज पहिल्यांदाच आले आहेत, त्यांनी अगदी हक्काने यावं. पहिला पाव सकाळी सहाला निघेल, दुसरा दुपारी साडेचारला, म्हणजे मुलं शाळेतून येईपर्यंत गरम मिळेल. इथे भट्टी विजेवरची आहे, त्यामुळे वरच्या मजल्यांवर धूर येणार नाही. बिनअंड्याचे केक वेगळ्या ट्रेमध्ये, वेगळ्या भांड्यांत होतात. पाव कडक लागला, मीठ कमी वाटलं, तर गल्ल्यावर मला किंवा माझ्या मुलीला सांगा. ही शाखा तीच सांभाळणार आहे. आणि दिवाळीत तुमचं साहित्य, तुमचा डबा घेऊन या. नानकटाई इथेही भाजून मिळेल.

फीत कापायला मी कोणा पाहुण्यांना बोलावलेलं नाही. त्या पहिल्या डब्याच्या काकू समोरच बसल्या आहेत. काकू, या. आईने कात्री धरून ठेवली आहे, आणि आतला पहिला ट्रे आत्ताच निघालाय.