साखळीच्या स्थळाविषयी

मडगाव, सोमवार

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांस सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, साखळीच्या स्थळाला मी नकार दिला आहे. हे फोनवर सांगायला गेले असते, तर बाबा गप्प झाले असते, आईने ‘बघ तुझं तू’ म्हटले असते आणि माझे सांगणे अर्धवट राहिले असते, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. काल सायंकाळी मी स्वतःच त्यांना कळवले. तुम्हांला आधी विचारले नाही, याबद्दल मनापासून क्षमा मागते. परंतु ते आज आपल्या घरी होकार सांगणार होते आणि माझे मन ठरलेले असताना त्यांना आशेवर ठेवणे मला योग्य वाटले नाही.

त्यांच्यात खोट काढण्यासारखे काहीही नाही. पणजीत आम्ही दोनदा भेटलो. दुसऱ्या वेळी मिरामारला अचानक पाऊस आला, तेव्हा त्यांनी छत्री माझ्यावर धरली आणि स्वतःचा डावा खांदा भिजू दिला. बोलणे अदबीचे, मी नोकरी सोडावी असा आग्रह नाही. हे सारे मला दिसत होते, पटतही होते. तरीही त्या छत्रीखाली चालताना मडगावची बस किती वाजता आहे, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. बसमध्ये बसल्यावर त्यांचा चेहरा आठवून पाहिला, तर ओली बाही तेवढी आठवली. आदर वाटला, ओढ वाटली नाही.

आई, ‘लग्नानंतर माया लागते’ हे तुझे म्हणणे मी खोटे ठरवत नाही. परंतु बाबा पाहायला आले होते, तेव्हा तू दाराआडून पुन्हा एकदा डोकावली होतीस, हे आजीनेच मला सांगितले आहे. मला पुन्हा डोकवावेसे वाटले नाही.

मध्यस्थी मावशीची असल्याने तुम्हांला अवघड जाईल, हे मी जाणते. तिला कृपया पत्रिकेचे कारण सांगू नये. 36 पैकी 27 गुण जुळल्याचे तिनेच गावभर सांगितले आहे. ‘मुलीचे मन बसले नाही’ एवढे पुरे. तसेच, आता देवळात प्रसाद लावून कौल घेऊ नये, ही विनंती. उजवी पाकळी पडली, तर तुमची पंचाईत आणि माझीही.

पुढे स्थळे पाहण्यास माझी ना नाही. फक्त तुळशीच्या लग्नापर्यंत थोडी उसंत द्यावी.

शनिवारी डिचोलीला येते. पत्रिका आणि फोटो मावशीकडे मीच नेऊन देईन, म्हणजे काय बोलणी खायची ती माझी मी खाईन.

तुमची,
धाकटी