विलासला दादाचं पत्र

कोरेगाव, जि. सातारा
12 नोव्हेंबर 2025

प्रिय विलास,

2021 च्या मार्चमध्ये मी मोटारीच्या स्टार्टरपेटीला कुलूप लावलं. "मोटार दुरुस्तीला आलीय" असं तुला सांगितलं, ते खोटं होतं. तुझा वीस गुंठे कांदा तेव्हा पोसायला लागला होता, त्याला आठ-दहा दिवसांनी पाणी लागतंच. तुझ्या दोन पाळ्या मी बुडवल्या. कांदा पोसला नाही, गोल्टी झाली. चूक माझी आहे, आणि मी ती जाणूनबुजून केली. मला माफ कर.

आईच्या दहाव्याला भावकीसमोर "वाटा मागायला आलास" असं मी म्हणालो. तू आईचं करायला आला होतास. त्या बोलण्याची भरपाई नाही. ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यातल्या चौघांच्या घरी जाऊन मी सांगून आलो की मी चुकीचं बोललो. उरलेल्यांनाही सांगेन.

पाण्याची वाटणी मी आधीपासूनच लबाडीने केली होती. आपल्या फिडरला तेव्हा सोमवार ते बुधवार दिवसा लाईट होती आणि गुरुवार ते रविवार रात्री. मी तीन दिवस घेतले, तुला चार दिले, आणि "तुला एक दिवस जास्तच दिलाय" म्हणून सगळ्यांना सांगत फिरलो. प्रत्यक्षात दिवसाचं सगळं पाणी माझं आणि रात्रीचं सगळं तुझं. अंधारात बॅटरी घेऊन दारं मोडायला रंजना तुझ्याबरोबर यायची, हे मला दिसत होतं. आता अख्खा एक आठवडा तुझा, अख्खा एक माझा. लाईटचे वार फिरले तरी दिवस-रात्र दोघांना सारखी येते. तुझं रान सध्या वाट्याने आहे. वाटेकऱ्याला हे सांगितलंय, आणि येत्या सोमवारपासून पहिला आठवडा त्याचा. जुनं कुलूप फेकलं. नव्याला दोन किल्ल्या आहेत, एक या पाकिटात आहे.

आता बांध. दर नांगरटीला वीतभर असं करत मी तुझ्या बाजूला सरकलो. परवा टेप लावला. विहिरीकडच्या कोपऱ्यातल्या जुन्या दगडापासून धरलं तर 220 फूट लांबीत सरासरी 3 फूट, म्हणजे 660 चौरस फूट, अर्ध्या गुंठ्याहून जास्त. मी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज केलाय, पैसे मी भरलेत. लगतचा खातेदार म्हणून तुला नोटीस येईल. ती आली की "दादाने पुन्हा काहीतरी लावलं" असं कृपा करून समजू नकोस, म्हणून आधीच कळवतोय. याला खरेदीखत-बिरीखत लागत नाही, सातबाऱ्यावर जमीन तुझीच आहे. मोजणीदार खुणा देईल तिथे दगड पुरायचे. टेपापेक्षा जास्त निघालं तर जास्त सोडीन.

विहिरीचं मात्र तुझ्या सहीशिवाय होणार नाही. वाटपपत्र लिहिताना निम्म्या हिश्श्याचं कलम राहिलं, ते माझ्या लक्षात होतं आणि मी गप्प बसलो. दस्त नोंदणीकृत असल्यामुळे तलाठ्याकडे नुसता अर्ज देऊन भागत नाही. दुय्यम निबंधकाकडे चूक दुरुस्ती दस्त करावा लागेल, त्यावर दोघांच्या सह्या लागतील. मग फेरफार धरला जाईल, पंधरा दिवस हरकतीची मुदत जाईल आणि तुझा हक्क सातबाऱ्यावर इतर हक्कात चढेल. मसुदा सोबत आहे. तुझ्या वकिलाला दाखव, हवं ते बदल. तारीख तू ठरव. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, सही करून निघून जा, मी वाईट वाटून घेणार नाही.

सोबत 27,000 रुपयांचा धनादेश आहे. वीस गुंठ्यांत 48 क्विंटल कांदा निघाला असता, तुझ्या हाती 18 आला. फरक 30 क्विंटल, भाव 900 धरला. गोल्टी कमी भावाने गेली असेल, तो तोटा यात नाही, आणि तुला गाव सोडून हडपसरला नोकरी धरावी लागली तो तर कशातच बसत नाही. आकडा चुकला असेल तर सांग. हे पैसे घेतलेस म्हणजे मला माफ केलंस असं मी धरणार नाही.

शेवगा यंदा फुलला आहे. आबांनी लावलेला तो बांधाच्या तुझ्या बाजूला येतो, शेंगा वाटेकऱ्याला तोडू देतो.

माफ करायचं की नाही, कधी करायचं, हे तुझ्यावर. काठी माझ्या हातात होती, हे विसरून मी हे लिहीत नाही. तरी माझी सगळी आशा एकाच म्हणीवर आहे: काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही.

तुझा,
दादा