‘कर्मण्येवाधिकारस्ते’: सहसा न म्हटले जाणारे दोन चरण | भगवद्गीता २.४७

कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन ।
मा कर्मफलहेतुर्भूर्मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि ॥

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील हा सत्तेचाळिसावा श्लोक बहुतेकांना तोंडपाठ असतो, पण अर्धाच. पहिले दोन चरण भाषणात, निरोपसमारंभात आणि परीक्षेच्या निकालानंतरच्या सांत्वनात ऐकू येतात. ‘मा कर्मफलहेतुर्भूः’ आणि ‘मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि’ हे पुढचे दोन मात्र मागे राहतात. पहिल्या दोन चरणांवरच थांबले तर ‘फळ मिळणार नसेल तर करायचे कशाला’ असा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर नेमके चौथ्या चरणात आहे, एवढेच या अकरा मिनिटांच्या व्हिडिओत सांगितले आहे.

00:00 अर्धाच श्लोक पाठ का असतो
01:40 चार चरणांची फोड
04:15 ‘कर्मफलहेतुः’ या समासाचे दोन विग्रह
07:05 ‘अकर्मणि’ म्हणजे काय
09:30 स्वकर्मकुसुमांची पूजा

व्हिडिओत ज्या वचनांचा केवळ ओझरता उल्लेख झाला आहे, त्यांची स्थळे येथे देत आहे, म्हणजे मूळ ग्रंथ उघडून कोणालाही पडताळून पाहता येईल.

04:15 पासूनचा भाग थोडा व्याकरणाचा आहे, आणि तो गाळू नये अशी माझी विनंती आहे. ‘कर्मफलहेतुः’ हा षष्ठी तत्पुरुष मानला तर ‘कर्मफलाचा हेतू, म्हणजे कारण, तू होऊ नकोस’ असा अर्थ निघतो. शंकराचार्यांच्या गीताभाष्यात हाच अर्थ घेतला आहे: फळाची तृष्णा असेल तर त्या फळाच्या प्राप्तीला तूच कारण होशील, असे तेथे म्हटले आहे. बहुव्रीही मानला तर ‘कर्मफल हाच ज्याचा हेतू आहे, असा तू होऊ नकोस’ असा अर्थ होतो. लोकमान्य टिळकांच्या गीतारहस्यातील भाषांतर या दुसऱ्या बाजूचे आहे. दुसऱ्या अर्थाला बळ देणारा पुरावा दोनच श्लोक पुढे, २.४९ मध्ये मिळतो. तेथील ‘कृपणाः फलहेतवः’ यातला ‘फलहेतवः’ हा शब्द माणसांना लावलेला आहे, आणि आचार्यही तेथे ‘फलतृष्णेने प्रवृत्त झालेले’ असाच त्याचा अर्थ करतात. मला स्वतःला बहुव्रीही अधिक सरळ वाटतो. तरी दोन्ही वाटांनी गेल्यावर साधकाला मिळणारी सूचना एकच असल्यामुळे व्हिडिओत मी त्यावर फार वेळ घालवलेला नाही.

चौथ्या चरणासंबंधी आचार्यांनी जी शंका मांडली आहे ती अगदी आपल्या मनातली आहे: कर्मफल नकोच असेल, तर दुःखरूप कर्म हवेच कशाला? त्याच शंकेचे निवारण म्हणून ‘मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि’ हा चरण आला आहे, असे भाष्य सांगते. ‘सङ्ग’ म्हणजे आसक्ती, आणि ती जशी फळावर जडते तशीच काही न करण्यावरही जडते. याला जोडून ३.५ (न हि कश्चित्क्षणमपि जातु तिष्ठत्यकर्मकृत्) आणि ३.८ (नियतं कुरु कर्म त्वं कर्म ज्यायो ह्यकर्मणः) हे श्लोक पाहावेत.

दुरुस्ती: 07:48 येथे मी ‘तिसऱ्या अध्यायाचा नववा श्लोक’ असे म्हटले आहे. म्हटलेले वचन बरोबर आहे, पण श्लोकाचा क्रमांक आठवा आहे. नववा श्लोक ‘यज्ञार्थात्कर्मणोऽन्यत्र’ हा होय. चूक ध्वनिमुद्रणानंतर लक्षात आली, म्हणून ती येथे नोंदवली आहे.

फळ आपल्या हाती का नाही, याचे कारण श्लोक २.४७ देत नाही. ते अठराव्या अध्यायात येते. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, वेगवेगळ्या क्रिया आणि पाचवे दैव अशी कर्माची पाच कारणे १८.१४ मध्ये सांगितली आहेत. त्यांत कर्ता पाचांपैकी एक आहे, एवढे ध्यानात आले की ‘मा फलेषु’ हा निषेध कठोर न वाटता वस्तुस्थितीचे वर्णन वाटू लागतो. ‘त्याग’ म्हणजे कर्म सोडणे नव्हे, हे १८.९ आणि १८.११ या श्लोकांत स्पष्ट केले आहे.

शेवटी म्हटलेली ओवी ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातील आहे:

तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा ।
पूजा केली होय अपारा । तोषालागीं ॥

ही ओवी गीतेच्या १८.४६ या श्लोकावरील (स्वकर्मणा तमभ्यर्च्य सिद्धिं विन्दति मानवः) टीकेत आहे. ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रतींत ओव्यांचे क्रमांक थोडे मागेपुढे होतात, म्हणून मी ओवीचा क्रमांक न देता श्लोकाचा क्रमांक दिला आहे; आपल्या घरातील प्रत कोणतीही असली तरी या श्लोकाखाली ती सापडेल.

ईशावास्योपनिषदाचा उल्लेख 08:20 येथे आला आहे. ‘कुर्वन्नेवेह कर्माणि जिजीविषेच्छतं समाः’ हा त्याचा दुसरा मंत्र. पहिला मंत्र ज्ञाननिष्ठेच्या अधिकाऱ्यासाठी आणि दुसरा ज्याला ती शक्य नाही त्याच्यासाठी, अशी वाटणी शांकरभाष्यात आहे, आणि २.४७ वरील भाष्यातही ‘तुझा अधिकार कर्मातच, ज्ञाननिष्ठेत नाही’ असे आचार्य अर्जुनाला उद्देशून म्हणतात. टिळकांना ही वाटणी मान्य नाही. हा वाद अकरा मिनिटांत बसवणे म्हणजे दोघांवरही अन्याय, म्हणून तो येथे मुद्दाम टाळला आहे.

तो वाद सविस्तर ऐकायचा असेल, तर याच वाहिनीवरील ‘गीता, अध्याय दुसरा: सलग वाचन’ या सोळा पाठांच्या मालिकेतील नववा पाठ (श्लोक ४७ ते ५३, १ तास १२ मिनिटे) ऐकावा. त्यात २.४७ वरील शांकरभाष्य वाक्यावाक्याने वाचले आहे आणि शेवटची वीस मिनिटे गीतारहस्यातील प्रतिपादनाला दिली आहेत. पाच कारणांचा विषय ‘गीता, अध्याय अठरावा’ या मालिकेच्या चौथ्या पाठात (श्लोक १३ ते १७, ५८ मिनिटे) आहे. ज्यांनी गीता क्रमाने वाचलेली नाही त्यांनी थेट नवव्या पाठाकडे जाऊ नये. दुसऱ्या अध्यायाचा सातवा पाठ, म्हणजे श्लोक ३१ ते ३८, आधी ऐकावा, कारण ‘सुखदुःखे समे कृत्वा’ ही भूमिका तेथे तयार होते आणि सत्तेचाळिसावा श्लोक तिच्यावर उभा आहे.

वाचनाची सवय असलेल्यांना विनोबांच्या गीता प्रवचनांतील दुसऱ्या अध्यायावरचे प्रवचन सुचवावेसे वाटते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेली ही प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. फलत्यागाचा विचार तेथे शास्त्रार्थाच्या अंगाने न येता गोष्टीच्या ओघात येतो, त्यामुळे घरातील मुलांबरोबर वाचायलाही ते योग्य आहे.

उपशीर्षके मी स्वतः तपासली आहेत. आपोआप तयार झालेल्या मजकुरात ‘सङ्गोऽस्त्वकर्मणि’ याचे दोन ठिकाणी ‘संग असो कर्मणि’ झाले होते, म्हणजे ‘अकर्मणि’तल्या एका ‘अ’बरोबर श्लोकाचा सगळा अर्थच उलटला होता. आता मूळ संस्कृत पाठ पदच्छेदासह उपशीर्षकांत आहे. पाठांतर करणाऱ्यांनी तो 01:40 पासून चालू करून घ्यावा.