फराळ करताना भाजलं, विळीवर बोट कापलं: आधी काय कराल?

स्लाइड १
चकलीच्या कढईतलं तेल उडतं, नारळ खवताना बोट कापतं. दिवाळीच्या आठवड्यात हे घरोघरी चालतं. ही माहिती किरकोळ इजेपुरती आहे. शंका असेल तर डॉक्टरांना दाखवा.

स्लाइड २ : भाजलं? नळ सोडा
गॅस बंद करा. भाजलेला भाग नळाच्या थंड पाण्याखाली २० मिनिटं धरा. हो, पूर्ण २०! दोन मिनिटांत आग कमी होते आणि आपण पुन्हा कढईकडे वळतो, पण आतली उष्णता तेवढ्यात निघत नाही. नळाला पाणी नसेल तर बादलीतलं तांब्याने ओतत राहा.
बांगड्या, अंगठ्या लगेच उतरवा; सूज आली की निघत नाहीत. लहान मूल असेल तर बाकीचं अंग पांघरुणात गुंडाळा, गारठू देऊ नका.

स्लाइड ३ : हे लावू नका
बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई. आजी प्रेमानेच सांगते, पण लेपाखाली जखम दिसत नाही आणि डॉक्टरांना आधी तो काढत बसावं लागतं. बर्फाने कातडीला आणखी इजा होऊ शकते.
फोड फोडू नका. चिकटलेला कपडा ओढू नका.
थंड केल्यावर धुतलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने सैलसर झाका.

स्लाइड ४ : कापलं?
हात धुवा. स्वच्छ रुमाल जखमेवर १० मिनिटं घट्ट दाबून धरा, मध्येच उचलून बघू नका. रक्त थांबलं की वाहत्या पाण्याने धुवा, पुसून पट्टी लावा. काही आत रुतलं असेल तर उपसू नका.
पातं गंजकं, मातीने माखलेलं असेल किंवा धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल, तर डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

स्लाइड ५ : आजच दवाखाना
• भाजलेला भाग त्या व्यक्तीच्या तळहातापेक्षा मोठा
• चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांग भाजलं
• लहान मूल, वृद्ध, गरोदर बाई, मधुमेही
• जखम खोल, कडा उघड्या; बोट बधिर किंवा वाकत नाही
• नंतर लाली पसरते, पू येतो, ताप येतो

स्लाइड ६ : थांबू नका, १०८ किंवा ११२
• रक्त उसळून येतंय, किंवा १० मिनिटं दाबूनही थांबत नाही
• कातडी पांढरी, काळी पडली. भाजूनही दुखत नाही
• विजेचा धक्का (आधी मेन स्विच बंद, मगच हात लावा) किंवा ॲसिड
• नाकातोंडात धूर गेला, श्वास लागतोय, आवाज बसला
• चक्कर, बेशुद्धी
रुग्णवाहिका येईपर्यंत रक्त येत असेल तर दाब सोडू नका. पत्ता सांगताना जवळची खूण सांगा आणि एकाला गेटवर उभं करा.