रासायनिक समतोल : स्थिरांकाची गणिते आणि समतोलाचे सरकणे

कार्यपत्रिका, इयत्ता अकरावी (विज्ञान), रसायनशास्त्र
कनिष्ठ महाविद्यालय, कोल्हापूर
वेळ : ७५ मिनिटे. गुण : ३०

सोडवण्याआधी

"समतोल उजवीकडे सरकतो" एवढेच वाक्य लिहिले, तर उत्तर बरोबर असूनही अर्धेच गुण मिळतील. कशामुळे सरकतो, ते आकड्यात दाखवा. त्यासाठी हत्यार एकच: अभिक्रिया भागफल Q. सूत्र K चेच असते, फक्त संहती त्या क्षणीच्या घालायच्या. Q हा K पेक्षा लहान असेल तर अभिक्रिया पुढे जाते, मोठा असेल तर मागे, आणि सारखा असेल तर काहीच होत नाही.

संहती बदला, दाब बदला, उत्प्रेरक टाका, K जागचा हलत नाही. तो हलतो फक्त तापमानाने. ले शातेलिए यांनी १८८४ मध्ये मांडलेले तत्त्व दिशा चटकन सांगते, पण किती सरकेल ते सांगत नाही. ते काम गणिताचे.

R = ०.०८२१ लिटर·अॅटमॉस्फिअर/(मोल·केल्विन) घ्या. कॅल्क्युलेटर चालेल. लॉग टेबल वापरणाऱ्यांचे विशेष कौतुक, जादा गुण नाहीत.

सोडवलेले उदाहरण

२ लिटरच्या बंद भांड्यात ४४८ °से तापमानाला H₂ आणि I₂ प्रत्येकी १.०० मोल घेतले. समतोल आल्यावर HI १.५६ मोल मिळाला. Kc काढा.

H₂(g) + I₂(g) ⇌ 2HI(g)

| | H₂ | I₂ | HI |
|---|---|---|---|
| सुरुवात (मोल) | १.०० | १.०० | ० |
| बदल | −०.७८ | −०.७८ | +१.५६ |
| समतोल (मोल) | ०.२२ | ०.२२ | १.५६ |
| समतोल (मोल/लिटर) | ०.११ | ०.११ | ०.७८ |

Kc = (०.७८)² / (०.११ × ०.११) = ५०.३

दोन्ही बाजूंना वायूंचे मोल सारखेच, म्हणून इथे २ ने भागले नसते तरी उत्तर हेच आले असते. पण म्हणून ती पायरी गाळायची सवय लावून घेऊ नका. प्रश्न ४ मध्ये हीच सवय नडेल.

प्रश्न १ (४ गुण)

पुढील अभिक्रियांसाठी Kc आणि Kp ची सूत्रे लिहा.

(अ) 2SO₂(g) + O₂(g) ⇌ 2SO₃(g)

(आ) C(s) + CO₂(g) ⇌ 2CO(g). शिरोलीच्या फाउंड्रीतल्या क्युपोला भट्टीत, तापलेल्या कोकच्या थरातून वर जाणाऱ्या CO₂ चे हेच होते.

प्रश्न २ (३ गुण)

२५ °से ला N₂O₄(g) ⇌ 2NO₂(g) साठी Kc = ४.६३ × १०⁻³ आहे. (अ) Kp काढा. (आ) 2NO₂ ⇌ N₂O₄ साठी Kc किती? (इ) ½N₂O₄ ⇌ NO₂ साठी Kc किती?

प्रश्न ३ (५ गुण)

उसाला आपण टाकतो त्या युरियाची सुरुवात अमोनियापासून होते, आणि अमोनियाची या अभिक्रियेपासून:

N₂(g) + 3H₂(g) ⇌ 2NH₃(g)

हाबर यांनी १९०९ मध्ये ही अभिक्रिया उच्च दाबाखाली चालवून दाखवली, आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे तिचा कारखाना सुरू झाला. ४७२ °से ला Kc = ०.१०५ आहे. एका भांड्यात या तापमानाला [N₂] = ०.५०, [H₂] = ०.८० आणि [NH₃] = ०.३० मोल/लिटर आहे.

(अ) Q काढा. अभिक्रिया कोणत्या दिशेने जाईल? ("कच्चा माल जास्त आहे, म्हणजे पुढे" असा अंदाज बांधून गणित सोडू नका.)

(आ) त्याच क्षणी अमोनिया गार करून, द्रवरूपात काढून घेत त्याची संहती ०.१० वर आणली, बाकी दोन्ही तशाच. आता दिशा कोणती?

(इ) समजा अमोनिया काढलाच नाही, त्याऐवजी (अ) मधल्या मिश्रणाचे आकारमान दाब देऊन निम्मे केले, तापमान तेच ठेवले. Q काढून दिशा सांगा.

प्रश्न ४ (६ गुण)

या कार्यपत्रिकेतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा. याला २० मिनिटे द्या.

PCl₅(g) ⇌ PCl₃(g) + Cl₂(g). दिलेल्या तापमानाला Kc = ०.०४२ धरा. १ लिटरच्या भांड्यात ०.१०० मोल PCl₅ घेतले.

(अ) समतोलाला प्रत्येकाची संहती काढा. किती टक्के PCl₅ चे विघटन झाले? (x लहान म्हणून सोडून देता येणार नाही, वर्गसमीकरण सोडवावेच लागेल.)

(आ) तापमान तेच ठेवून भांड्याचे आकारमान एकदम २ लिटर केले. त्या क्षणी Q किती? समतोल कुठे सरकेल?

(इ) नव्या समतोलाच्या संहती आणि विघटनाची नवी टक्केवारी काढा.

(ई) वर्गातला एक जण म्हणतो, "समतोल उजवीकडे सरकला, म्हणजे क्लोरिनची संहती वाढली." त्याचे बरोबर की चूक, ते (अ) आणि (इ) चे आकडे शेजारी ठेवून दोन ओळींत लिहा.

प्रश्न ५ (४ गुण)

रंकाळ्याच्या चौपाटीवर गोटी सोड्याची बाटली फोडली की फस्सकन आवाज येतो आणि तळापासून बुडबुड्यांच्या रांगा वर सुटतात.

CO₂(g) ⇌ CO₂(aq), उष्मादायी

२५ °से ला K = [CO₂(aq)] / P = ०.०३३ मोल/(लिटर·अॅटमॉस्फिअर).

(अ) बंद बाटलीत CO₂ चा दाब ३ अॅटमॉस्फिअर असेल, तर एका लिटरमागे किती ग्रॅम CO₂ विरघळलेला असेल?

(आ) गोटी आत ढकलली की समतोल कुठे सरकतो, Q आणि K च्या भाषेत सांगा.

(इ) मे महिन्याच्या उन्हात उघडी ठेवलेली बाटली बर्फातल्या बाटलीच्या आधी "मरते". इथे Q बदलला की K?

प्रश्न ६ (४ गुण)

साखर कारखान्यात उसाचा रस निवळायला चुना लागतो. तो चुनखडी भाजून मिळतो.

CaCO₃(s) ⇌ CaO(s) + CO₂(g). ८०० °से ला Kp = ०.२२ अॅटमॉस्फिअर.

१० लिटरच्या बंद, रिकाम्या भांड्यात या तापमानाला (अ) २० ग्रॅम, (आ) फक्त २ ग्रॅम CaCO₃ ठेवला. प्रत्येक वेळी शेवटी किती ग्रॅम CaCO₃ उरेल? (इ) चुन्याची भट्टी बंद न ठेवता तिच्यातून हवा खेळती का ठेवतात?

प्रश्न ७ (४ गुण)

अमोनियाच्या अभिक्रियेचे Kp (दाब अॅटमॉस्फिअरमध्ये):

| तापमान | Kp |
|---|---|
| ३०० °से | ४.३४ × १०⁻³ |
| ४०० °से | १.६४ × १०⁻⁴ |
| ५०० °से | १.४५ × १०⁻⁵ |

(अ) अभिक्रिया उष्मादायी की उष्माग्राही, ते फक्त या तक्त्यावरून सांगा. (आ) असे असूनही कारखाना ३०० ऐवजी ४०० ते ५०० °से ला का चालवतात? (इ) भांड्यात अरगॉन सोडला, (१) आकारमान स्थिर ठेवून, (२) एकूण दाब स्थिर ठेवून. दोन्ही वेळी काय होईल?

उत्तरे (सोडवून झाल्यावरच पान उलटा)

१. (अ) Kc = [SO₃]² / [SO₂]²[O₂]. Kp तसाच, संहतीच्या जागी आंशिक दाब. (आ) Kc = [CO]² / [CO₂], Kp = P²(CO) / P(CO₂). कोक घन, तो सूत्रात येत नाही. [C] लिहिले असेल तर त्या उपप्रश्नाचा एक गुण गेला.

२. (अ) Δn = १, म्हणून Kp = ४.६३ × १०⁻³ × ०.०८२१ × २९८ = ०.११३. (आ) उलटा करा: २१६. (इ) वर्गमूळ घ्या: ०.०६८०. तापमान २५ घालून उत्तर ०.००९५ आले असेल, तर केल्विन विसरलात.

३. (अ) Q = (०.३०)² / (०.५० × ०.८०³) = ०.०९ / ०.२५६ = ०.३५२. K पेक्षा मोठा, अभिक्रिया मागे जाते. (आ) Q = ०.०१ / ०.२५६ = ०.०३९, आता पुढे. अमोनिया सतत काढून घेत राहण्यामागचे कारण हेच. (इ) सगळ्या संहती दुप्पट: Q = (०.६०)² / (१.०० × १.६०³) = ०.३६ / ४.०९६ = ०.०८८. हाही K पेक्षा लहान, अभिक्रिया पुढे. जे मिश्रण मागे निघाले होते, ते नुसत्या दाबाने पुढे वळले. वर २ मोल वायू आणि खाली ४, म्हणून Q बरोबर चौथ्या हिश्श्यावर आला.

४. (अ) x² / (०.१०० − x) = ०.०४२, म्हणजे x² + ०.०४२x − ०.००४२ = ०. x = ०.०४७१. [PCl₃] = [Cl₂] = ०.०४७१, [PCl₅] = ०.०५२९ मोल/लिटर, विघटन ४७.१ टक्के. (ऋण मूळ टाकून द्या, संहती ऋण नसते.)

(आ) प्रत्येक संहती निम्मी होते: Q = (०.०२३५५)² / ०.०२६४५ = ०.०२१, म्हणजे K च्या निम्मा. समतोल पुढे सरकतो.

(इ) सुरुवातीची संहती आता ०.०५० धरा: x² + ०.०४२x − ०.००२१ = ०, x = ०.०२९४. [PCl₃] = [Cl₂] = ०.०२९४, [PCl₅] = ०.०२०६ मोल/लिटर. विघटन ५८.८ टक्के.

(ई) चूक. क्लोरिनचे मोल ०.०४७१ वरून ०.०५८८ झाले, म्हणजे वाढले, पण ते दुप्पट जागेत पसरले, म्हणून संहती ०.०४७१ वरून ०.०२९४ वर उतरली. क्षणभर ०.०२३५५ पर्यंत घसरलेली संहती सरकण्यामुळे थोडी सावरली, पूर्वपदावर आली नाही. ले शातेलिए तत्त्वात बदलाचा परिणाम "कमी होतो" असे म्हटले आहे, "नाहीसा होतो" असे नाही. मोल आणि संहती यांत गल्लत करणाऱ्यांनी हा प्रश्न पुन्हा सोडवावा.

५. (अ) ०.०३३ × ३ = ०.०९९ मोल, × ४४ = सुमारे ४.४ ग्रॅम. (आ) वरचा दाब एकदम उतरतो, Q = [CO₂(aq)] / P हा K च्या कितीतरी पट होतो, म्हणून मागे, वायू बाहेर. (इ) उघड्या बाटल्यांवर CO₂ चा दाब सारखाच. उष्मादायी असल्याने तापमान वाढले की K लहान होतो. इथे बदलला तो K.

६. समतोलाला P(CO₂) = ०.२२, म्हणून n = (०.२२ × १०) / (०.०८२१ × १०७३) = ०.०२५ मोल, म्हणजे २.५ ग्रॅम CaCO₃ चे विघटन. (अ) १७.५ ग्रॅम उरतो. (आ) २ ग्रॅम म्हणजे जेमतेम ०.०२० मोल. सगळा संपतो, दाब ०.२२ ला पोहोचतच नाही, म्हणजे समतोल येतच नाही. "उणे ०.५ ग्रॅम उरला" असे लिहिणारे दरवर्षी एक-दोघे निघतात. (इ) CO₂ बाहेर गेला की P नेहमी Kp च्या खाली राहतो आणि विघटन पुढे चालू राहते.

७. (अ) तापमान वाढताना Kp घटतो: उष्मादायी. (आ) ३०० °से ला K चांगला, पण वेग फार मंद. लोहाच्या उत्प्रेरकालाही पुरेशी उष्णता लागते. उत्प्रेरक समतोलापर्यंत लवकर नेतो, समतोल बदलत नाही. उतारा वाढवायला मग १५० ते २५० अॅटमॉस्फिअर दाब देतात. (इ) (१) काहीच नाही, आंशिक दाब तेच राहतात. (२) आकारमान वाढते, आंशिक दाब उतरतात, Q वाढतो, समतोल जास्त मोलांच्या बाजूला, म्हणजे N₂ आणि H₂ कडे सरकतो.