आईच्या डोळ्याची काळजी : ११ नोव्हेंबर ते ८ डिसेंबर २०२५

वहिनी, सोमवारी १० तारखेला आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मंगळवारी सकाळी पट्टी निघाली. डॉक्टरांनी दिलेल्या कागदावरून हे सगळं उतरवलंय. स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी लावा. छेद दोन-तीन मिलीमीटरचा असतो आणि बहुतेक वेळा टाका न घालताच मिटतो, म्हणून डोळा बाहेरून बरा दिसतो. पण आतली जखम भरायला वेळ लागतो, आणि खरी भीती जंतुसंसर्गाची आहे. बाकी कशात थोडं इकडंतिकडं झालं तर चालेल, हाताच्या स्वच्छतेत नको.

थेंब

लाल स्टिकरची बाटली मॉक्सिफ्लॉक्सासिनची, जंतू मारणारी. निळ्या स्टिकरची प्रेडनिसोलोनची, सूज उतरवणारी. निळी प्रत्येक वेळी नीट हलवून घ्यायची, कारण औषध तळाशी बसतं.

११ ते १७ नोव्हेंबर : दोन्ही बाटल्या, सकाळी ८, दुपारी १२, ४ आणि रात्री ८.
१८ ते २४ : लाल बंद. निळी सकाळी ८, दुपारी २, रात्री ८.
२५ नोव्हेंबर ते १ डिसेंबर : निळी सकाळी ८, रात्री ८.
२ ते ८ डिसेंबर : निळी फक्त सकाळी ८.

निळी मधेच बंद करू नका, सूज परत येते. आणि बरं वाटतंय म्हणून ८ तारखेनंतर उरलेली चालूही ठेवू नका, त्यानं डोळ्याचा दाब वाढू शकतो. एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा एकच थेंब घाला, दोन नकोत.

घालताना आधी साबणानं हात धुवा. आईला खाटेवर उताणं झोपवा, वर आढ्याकडे बघायला सांगा. खालची पापणी बोटानं हलकेच खाली ओढली की पिशवीसारखी जागा होते, त्यात एक थेंब. बाटलीचं टोक पापणीच्या केसालाही लागता कामा नये. मग डोळा अलगद मिटून ठेवायचा, आवळायचा नाही. पाच मिनिटांनी दुसरं औषध. लागोपाठ घातलं तर पहिलं वाहून जातं.

सकाळी चिपडं आली तर पाणी उकळून गार करा, त्यात नवा कापूस भिजवून पिळा आणि मिटलेल्या डोळ्यावरून नाकाकडून बाहेर एकदाच फिरवा. तो बोळा टाकून द्यायचा.

अंघोळ

मानेखालून रोज करू दे. चेहरा ओल्या फडक्यानं पुसायचा, पाण्याचे हबके नकोत. डोक्यावरून २० तारखेपर्यंत नाही. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार २७ला आहे, तेव्हा न्हायला हरकत नाही. मात्र मान मागे करून तुम्हीच पाणी घाला, शिकेकाई डोळ्यात जाऊ देऊ नका. काजळ महिनाभर बंद.

झोप

उताणी किंवा डाव्या कुशीवर. १७ तारखेपर्यंत झोपताना, दुपारीसुद्धा, प्लॅस्टिकची वाटी चिकटपट्टीनं लावायची. झोपेत हात डोळ्याकडे जातोच, जागेपणी ती कितीही सांभाळत असली तरी. वाटी रोज साबणानं धुऊन वाळवा.

काम

आईला नुसतं बसवत नाही हे मला माहीत आहे. तिला भाजी निवडू द्या, टीव्ही बघू द्या, पोथी वाचू द्या, अंगणात फिरू द्या. वाचल्यानं डोळ्याला इजा होत नाही. २४ तारखेपर्यंत बंद : पाण्याची कळशी, धारा काढणं, वाकून झाडणं, चुलीपुढं बसणं, नातवाला कडेवर घेणं. देवालाही उभ्यानंच हात जोडायचे. गोठा आणि उसाचं रान महिनाभर नको. बाहेर पडताना काळा चष्मा हवा.

खाण्याचं पथ्य नाही. बीपीची गोळी चालूच. पोट साफ राहील असं बघा, कुंथणं नको. शेजारच्या काकी गुलाबपाणी, मध, तूप सुचवतील, देवळातून तीर्थ येईल. प्रेमानंच आणतील, पण या दोन बाटल्यांशिवाय डोळ्यात काहीही जाता कामा नये.

थोडं खुपणं, पाणी येणं, उजेड सहन न होणं हे पहिल्या आठवड्यात चालतं आणि रोज कमी होत जातं. दुखणं किंवा लाली वाढली, पू आला, काल दिसत होतं ते आज धूसर झालं, अचानक काळे ठिपके, विजेसारखी चमक किंवा कडेनं पडदा आल्यासारखं वाटलं, तर सकाळची वाट बघू नका. रात्र असली तरी दादाला गाडी काढायला सांगा, दवाखान्यात निघा आणि वाटेतून मला फोन करा.

पुढची तपासणी १७ नोव्हेंबरला, नंतरची ९ डिसेंबरला. चष्म्याचा नंबर तेव्हाच काढतील, त्याआधी करू नका. दोन्ही वेळा बाटल्या सोबत न्या.